मिरची चिरायचा दिवस

सकाळी साडेसहा

एप्रिलचं ऊन कडक झालं की आमच्या गृहउद्योगात सांडगी मिरचीचं काम सुरू होतं. आज दहा किलो जाड, पोपटी मिरची आली आहे. मिरची एकाच जातीची असली तरी दर खेपेला सारखी तिखट निघत नाही. झाडाला पाण्याचा ताण बसला की तिखटपणा बहुधा वाढतो. म्हणून धुवायच्या आधी दोन-तीन मिरच्या चाखून पाहायच्या. शेंडा चावून मात्र काही कळत नाही, तो बहुतेक वेळा सौम्यच लागतो. मिरची देठाजवळ आडवी कापायची आणि तिथला कण जिभेवर ठेवायचा.

सकाळी साडेसात

मिरच्या देठासकट धुऊन सुती कापडावर पसरल्या. चिरण्याआधी त्या पुसून कोरड्या व्हायलाच हव्यात. ओली मिरची सुरीखाली सटकते, आणि आत पाणी राहिलं तर मसाला भरल्यावर बुरशी धरते.

सकाळी नऊ

आज एक नवीन मुलगी कामावर आली आहे. चिरायला बसताच तिने विचारलं, "ताई, बिया काढल्या की तिखटपणा गेला ना?" घरोघरी असंच सांगतात, म्हणून मी तिला करूनच दाखवलं.

एक मिरची उभी उघडली. देठाकडून खाली उतरणारा पांढरट, मऊ गाभा दिसतो. बिया त्यालाच चिकटलेल्या असतात, आणि त्याच्याच पांढऱ्या शिरा सालीच्या आतून खाली जातात. तिला आधी शेंड्याकडच्या हिरव्या सालीचा तुकडा दिला. ढोबळी मिरचीसारखा लागला. मग गाभ्यापासून सुटून खाली पडलेली एक बी पुसून दिली. किंचित कडवट, थोडी झणझणीत. त्यानंतर दोन घास दहीभात खाऊन जरा वेळ थांबायला लावलं, कारण आधीचा तिखटपणा जिभेवर असेल तर पुढची चव खरी कळत नाही. शेवटी तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा गाभा दिला. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मिरचीला तिखट करणारं द्रव्य म्हणजे कॅप्सेसिन. ते या पांढऱ्या गाभ्यात आणि त्याच्या शिरांत तयार होतं, बीमध्ये नाही. बिया गाभ्याला खेटून असतात, चिरताना त्याचा रस त्यांना लागतो, म्हणून त्या तिखट लागतात. बिया काढल्यावर मिरची थोडी सौम्य होते, तीही बियांबरोबर गाभ्याचा काही भाग निघून येतो म्हणून. भूत जोलोकियासारख्या अतितिखट जातींत हे द्रव्य सालीच्या आतल्या बाजूलाही असतं. तिथे गाभा काढूनही मिरची जाळतेच. आपल्या रोजच्या मिरच्यांना मात्र गाभ्याचाच हिशेब लागू पडतो.

सकाळी दहा

दोन पराती मांडल्या, एक तिखट सांडगीची, एक कमी तिखटाची. तिखटाच्या परातीत मिरचीला नुसती उभी चीर द्यायची, आतलं काही काढायचं नाही. कमी तिखटाच्या परातीत देठ तसाच ठेवून चीर द्यायची, सुरीचं टोक आत घालून देठाखाली गाभ्याचा जोड कापायचा आणि चहाच्या चमच्याच्या दांड्याने गाभा वरून खाली ओढायचा. नीट जमलं तर गाभा आणि बिया एकत्रच बाहेर येतात. मग दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या शिरा खरवडायच्या. काम बरोबर झालं की नाही हे बोटाला लागलेल्या बियांवरून ठरत नाही, उजेडात धरून बघावं लागतं. आत सगळीकडे एकसारखं हिरवं दिसायला हवं. पांढरी रेघ राहिली की ती मिरची तिखटाच्या परातीत जाते.

हातात नायट्राइलचे हातमोजे घालतो. रबरी लेटेक्सच्या पातळ मोज्यांतून हा तिखट अंश हळूहळू झिरपतो, त्यामुळे तासन्‌तास चिरायचं असेल तर ते पुरत नाहीत. सुरीचं टोक लागून मोजा फाटला तर आधी हात साबणाने धुवायचे, मगच नवा घालायचा. केस आधीच बांधायचे, फोन बाजूला ठेवायचा. लघवीला जाण्याआधीही हात धुवायचे, नंतर तर धुवायचेच.

दुपारी एक

चिरून झालं आणि जेवायला बसताना एका मावशींच्या बोटांची आग सुरू झाली. घाईत शेवटच्या काही मिरच्या त्यांनी मोज्यांशिवाय चिरल्या होत्या. आग लगेच होत नाही, हा अंश कातडीत मुरायला वेळ लागतो. कित्येकदा काम संपून तास-दोन तास झाल्यावर झोंबायला लागतं.

मावशी नळाकडे निघाल्या, त्यांना थांबवलं. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून आधी चमचाभर गोडेतेल बोटांना, नखांच्या कडांना चोळलं आणि ते कागदाने पुसून घेतलं. मग भांडी घासायचा द्रव साबण कोरड्या हातावरच चोळला आणि गार पाण्याने धुतला. हे तीनदा केलं. तेल नुसतं लावून ठेवायचं नाही. त्यात विरघळलेला तिखट अंश तेलाबरोबर जिथे हात लागेल तिथे पसरतो. त्यानंतरही धग राहिली तेव्हा बोटं गार दुधात बुडवून ठेवली. अर्ध्या तासात आग पुष्कळ उतरली.

गरम पाणी मात्र अजिबात नको. कातडीत उष्णता ओळखणारे ग्राहक असतात. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरचा चटका जो ग्राहक ओळखतो, त्यालाच कॅप्सेसिन चेतवतं. म्हणून भाजलेलं नसताना भाजल्यासारखं वाटतं. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने १९९७ साली शोधला आणि त्या कामाबद्दल त्यांना २०२१ साली नोबेल मिळालं. हातावर अंश शिल्लक असताना गरम पाणी घेतलं की त्याच ग्राहकाला दुहेरी चिथावणी मिळते. मावशींना सांगितलं, आज संध्याकाळी आंघोळ गार पाण्याने करा.

डोळ्यात गेलं तर हा उपाय चालत नाही. तिथे तेल, साबण काही नको. स्वच्छ गार पाण्याची धार पंधरा मिनिटं सोडायची, आणि तरीही थांबलं नाही तर डॉक्टर गाठायचे. लेन्स लावणाऱ्यांनी मिरचीच्या दिवशी चष्माच वापरावा.

दुपारी तीन

मसाला सकाळीच भाजून दळला होता. किलोभर मिरचीला शंभर ग्रॅम धणे, पन्नास ग्रॅम मेथी, पन्नास ग्रॅम मोहरीची डाळ, शंभर ग्रॅम मीठ, हळद, हिंग आणि पाच-सहा लिंबांचा रस. मसाला बोटाने दाबून देठापर्यंत भरायचा. मोजे आताही घालायचे, कारण चिरलेल्या मिरचीचा रस मसाल्यातही उतरतो.

संध्याकाळी पाच

काढलेला गाभा टाकून देत नाही. बियांसकट मीठ-लसूण घालून तो जाडसर वाटला आणि तिखटाच्या परातीतल्या मसाल्यात मिसळला. वाटताना झाकण घट्ट दाबून धरायचं, थांबल्यावर दोन मिनिटं उघडायचं नाही आणि तोंड बाजूला ठेवायचं, म्हणजे ठसका लागत नाही.

संध्याकाळी सहा

सुऱ्या, पाट, चमचे आधी तेलाच्या कागदाने पुसून मग साबणाने धुतले. नुसत्या पाण्याने धुतलेल्या पाटावर उद्या कुणी फळ चिरलं तर तेही झोंबेल. मोजे मनगटाकडून उलटे करत काढले, म्हणजे तिखट बाजू आत राहते. भरलेल्या मिरच्या रात्रभर झाकून ठेवल्या. उद्यापासून चार-पाच दिवस कडक ऊन द्यायचं, देठ कडकन मोडेपर्यंत.

दोन्ही डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. कमी तिखटाच्या चिठ्ठीवर पूर्वी "बिया काढलेली" असं लिहायची पद्धत होती. आता त्यावर "गाभा काढलेला" असं लिहितो, कारण गिऱ्हाईक लेकराच्या ताटात वाढायचं की नाही हे त्याच ओळीवरून ठरवतं.