ऑइल पेट्रोलमध्ये की इंजिनात?

होडीच्या मागे लावलेलं छोटं इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, हे टाकी भरण्याआधी माहीत हवं. फोर-स्ट्रोकमध्ये स्कूटर-मोटारीसारखं ऑइल खाली वेगळं साठतं आणि पुन्हा पुन्हा फिरतं. टू-स्ट्रोकमध्ये ते पेट्रोलसोबत आत येतं, बेअरिंग आणि पिस्टनला वंगण देतं आणि जळून जातं. त्यामुळे ऑइल न घातलेलं पेट्रोल त्यात गेलं, तर पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला घासतो आणि इंजिन जाम होतं. तेही भर समुद्रात.

बऱ्याच छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांना पन्नासास एक हे प्रमाण चालतं, म्हणजे लिटरला २० मिली. (नवं इंजिन रुळेपर्यंत कंपन्या बहुधा दुप्पट ऑइल सांगतात. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम.) २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर ऑइल लागतं. घोळ होतो तो अर्धवट टाकी भरताना. टाकीत १० लिटर मिश्रण उरलंय आणि वर १५ लिटर पेट्रोल ओतायचंय, तर ऑइल नव्या १५ लिटरचंच, म्हणजे ३०० मिली. थोडं पेट्रोल, मग ऑइल, टाकी हलवायची आणि उरलेलं पेट्रोल शेवटी, म्हणजे ऑइल तळाशी बसत नाही. ऑइल जास्त झालं, तर धूर वाढतो, प्लग काळा-ओला होतो आणि इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं.

ऑइलच्या डब्यावर TC-W3 लिहिलेलं पाहा. मोटरसायकलचं टू-टी ऑइल स्वस्त पडलं, तरी ते घेऊ नये. समुद्राच्या पाण्यानं थंड होणारं हे इंजिन बाइकच्या मानानं गार चालतं. बाइकच्या ऑइलमधल्या धातुयुक्त रसायनांची राख प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर साचते.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तर बहुतेक आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल ओलावा ओढून घेतं. पाणी फार झालं की पाणी-इथेनॉलचा थर पेट्रोलपासून सुटून तळाशी जातो, आणि इंधन ओढणारी नळी नेमकी तिथेच असते. टू-स्ट्रोकला हे अधिक घातक, कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. पावसाळी बंदीत मिश्रण टाकीत ठेवू नका. काचेच्या बाटलीत थोडं काढून पाहिलं, तर थर डोळ्यांना दिसतो.

फोर-स्ट्रोकमध्ये रोजचं मिसळणं नाही, इंधनही कमी लागतं. पण पहिल्या २० तासांच्या सुमारास आणि नंतर साधारण दर १०० तासांनी ऑइल बदलावंच लागतं. इंजिन उभं आणि थंड असताना डिपस्टिक पाहा. ऑइल दुधाळ असेल, तर पाणी शिरलंय. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर जाळ्याजवळ तासन्‌तास मंद गतीवर चालवताना न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरलंय. असं पातळ ऑइल बेअरिंग सांभाळू शकत नाही. ते काढून नवं भरा, आणि परतीच्या वाटेवर इंजिन काही वेळ जोरात चालवून नीट तापू द्या.