जाईच्या आड गुलाब

फ्रेंच परफ्यूमच्या जाहिरातीत क्रियापदं फार कमी सापडतात. एक नाम येतं, त्याच्यामागून एखादं विशेषण, आणि लगेच पूर्णविराम. मग पुढचं नाम. समजावून सांगणं जवळपास नसतंच; वास कसा आहे ते वाचणाऱ्याने आपल्या आठवणीतून भरून घ्यायचं असतं. हा मजकूर मराठीत आणायला बसलं की हात आपोआप भरजरी शब्दांकडे जातो. मोहक, अलौकिक, मंत्रमुग्ध करणारा, लावण्याचा आविष्कार. मूळ मजकूर काव्यमय आहे, म्हणजे मराठीही नटवली पाहिजे, असा त्यामागचा हिशेब. तयार होते ती लग्नपत्रिका. या शब्दांना आता कसलाच वास उरलेला नाही. साबणापासून सदनिकांपर्यंत सगळं त्यांनी विकून झालं आहे.

नमुन्यादाखल तीन ओळी घेऊ. त्या कुठल्याही कंपनीच्या नाहीत, मीच रचल्या आहेत. धाटणी मात्र अस्सल आहे. 'उन रोज द मे, न्यू सू ल जास्मँ. उन पो की स सुव्हियँ. अँ सियाज.' शब्दशः अर्थ असा: मे महिन्यातला गुलाब, जास्मिनखाली विवस्त्र. आठवण ठेवणारी त्वचा. आणि शेवटी, जहाज पुढे गेल्यावर पाण्यावर मागे उमटत राहणारी रेघ. परफ्यूमच्या धंद्यात हाच शेवटचा शब्द माणूस पुढे गेल्यावर हवेत राहणाऱ्या वासासाठी वापरतात.

आधी फुलं नक्की करायची. दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावाच्या परिसरात परफ्यूमसाठी जे जास्मिन पिकवतात, त्याचं शास्त्रीय नाव जास्मिनम ग्रँडिफ्लोरम. म्हणजे आपली जाई, हिंदीतली चमेली. मोगरा वेगळा, तो जास्मिनम सँबॅक. 'जास्मिन'समोर डोळे मिटून 'मोगरा' लिहिला की वाचणारीच्या नाकात गजरा दरवळतो, आणि बाटली उघडल्यावर भलतंच काही निघतं. मोगरा लिहिण्याचा मोह मला समजतो, कारण मराठी मनावर त्याची पकड जाईपेक्षा घट्ट आहे. पण ज्या मजकुराला नाकाने पडताळता येतं, त्यात फूल बदलायचं नसतं. म्हणून कुठलं जास्मिन ते आधी कंपनीला विचारून घ्यावं. काही परफ्यूममध्ये खरोखरच सँबॅक असतं, आणि मग मोगरा हक्काने लिहिता येतो.

गुलाबाची अडचण वेगळी आहे. ग्रासमध्ये हा गुलाब मे महिन्यात, थोडेच आठवडे फुलतो, म्हणून तो 'मे'चा गुलाब. आपल्याकडे मे म्हटलं की डोळ्यांसमोर येतात करपलेली कुंडी आणि बंद खिडक्या. महिन्याचं नाव जसंच्या तसं ठेवलं तर वसंताऐवजी ऊन वाचलं जातं. या गुलाबाचं शास्त्रीय नाव रोझा सेंटिफोलिया, म्हणजे शंभर पाकळ्यांचा. आयुर्वेदात त्याला शतपत्री म्हणतात, पण तो शब्द लिहिला की वैद्यांच्या कपाटाचं दार उघडतं. तेव्हा मथळ्यात नुसता गुलाब पुरे. 'रोज द मे' हे नाव आणि ग्रासचा उल्लेख खालच्या माहितीच्या ओळीत द्यावा. तिथे माणूस माहितीच वाचायला आलेला असतो.

आता 'विवस्त्र'. फ्रेंचमध्ये गुलाब स्त्रीलिंगी आणि जास्मिन पुल्लिंगी आहे, त्यामुळे त्या चार शब्दांत एक चावट सूचना आपोआप दडलेली आहे. मराठीत लिंगं नेमकी उलटतात: तो गुलाब, ती जाई. 'जास्मिनखाली विवस्त्र असलेला गुलाब' असं लिहिलं तर वाचणारा हसेल. शृंगार ठेवायचा असेल तर तो कपड्यांच्या उल्लेखात न ठेवता आडोशात ठेवावा. मराठीला ते चांगलं जमतं: वर जाई, आत गुलाब. आणि 'विवस्त्र'चं काम 'नुसता' हा साधा शब्द करतो. नुसता म्हणजे सोबत काही नसलेला, साजशृंगार नसलेला. त्याला वाक्याच्या शेवटी ठेवलं की फ्रेंच विशेषणासारखाच तो नामामागून येतो आणि जरासा रेंगाळतो.

दुसऱ्या ओळीत सगळं अडतं ते 'त्वचे'शी. त्वचा डॉक्टरांची किंवा क्रीमच्या डबीवरची. कातडी चालणार नाही, आणि काया म्हटलं की जुनी नाटकं आठवतात. रोजच्या बोलण्यात वासाशी नातं असतं ते अंगाचं: अंगाला वास येतो, अंगावर वास राहतो. शिवाय मराठीत आठवण कोणी 'ठेवत' बसत नाही, ती कोणाला तरी येते. म्हणून 'अंगाला आठवत राहतं'. काय आठवतं ते सांगितलेलं नाही, मुळातही नव्हतं.

तिसऱ्या ओळीतल्या जहाजाच्या रेघेला सरळ 'दरवळ' म्हणावं. पाण्याचं चित्र जातं, त्याची भरपाई 'मागे' या एका शब्दाने होते. तिन्ही ओळी मिळून असं काहीतरी होतं: 'वर जाई. आत गुलाब, नुसता. अंगाला आठवत राहतं. आणि मागे, दरवळ.'

हे मोठ्याने वाचून पाहावं. जीभ अडखळली किंवा आवाज निवेदकासारखा व्हायला लागला, तर एखादं विशेषण जास्त झालं आहे. 'एक' हा शब्दही तपासावा. फ्रेंच नामापुढे उपपद लागतंच. मराठीत प्रत्येक वेळी 'एक गुलाब, एक स्त्री, एक रहस्य' आलं की अनुवाद असल्याचं लगेच कळतं.

पुढचा पेच पॅरिसच्या कार्यालयात होतो. तिथे मराठी कोणाला येत नाही, म्हणून कंपन्या मराठीचा उलट अनुवाद मागवतात. 'नुसता' उलटून गेला की 'फक्त' होतो, 'दरवळ'चा 'वास' होतो, आणि समोरच्याला वाटतं आपली कविता कोणीतरी खाऊन टाकली. यावर एकच उपाय आहे: दोन-तीन पर्याय पाठवायचे आणि प्रत्येकाखाली चार ओळींत कारण द्यायचं. 'विवस्त्र' का काढलं, लिंगं कशी उलटली, जाई का आणि मोगरा का नाही. हे टिपण मजकुरापेक्षा लांब होतं, आणि त्याचेही पैसे मागावेत.

फॅशनच्या मजकुरात नाकाची जागा बोटं घेतात. कापड अंगावर कसं ओघळतं त्याला फ्रेंच लोक 'तोंबे' म्हणतात, म्हणजे पडणं. इथे मराठी श्रीमंत आहे, कारण साडीने आपल्याला कापडाकडे बघायला शिकवलं आहे. निऱ्या पडतात, घोळ असतो, रेशीम सळसळतं, पोत सुळसुळीत असतो, कापड अंगाला बसतं. 'अभिजात सौंदर्याची अनुभूती' लिहिण्याआधी यातलं काही लागू पडतं का ते बघावं. 'फॉल' शब्द मात्र टाळावा. तो आपल्याकडे साडीच्या काठाला आतून शिवतात.

जिथे शब्दामागे कायदा किंवा वस्तुस्थिती उभी आहे, तिथे सूचकता बाजूला ठेवावी लागते. 'ओत कुत्यूर' हे फ्रान्समध्ये 1945 पासून संरक्षित नाव आहे आणि ते वापरायला मान्यता लागते. त्याचं 'उंची फॅशन' करून कुठल्याही महाग झग्याला चिकटवता येत नाही. कस्तुरीचंही तसंच. हल्लीच्या परफ्यूममधला 'म्युस्क' जवळपास नेहमी प्रयोगशाळेत बनवलेला असतो, आणि कस्तुरीमृग हा संरक्षित प्राणी आहे. 'कस्तुरीने माखलेला' असं लिहिलं तर ते शोभेचं वाक्य राहत नाही, दावा होतो. 'कस्तुरीचा भास' लिहिलं तर ऊब तीच राहते आणि कंपनीचा वकीलही स्वस्थ बसतो.