दम आधी की धडधड?

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला मेडिसिनच्या प्रात्यक्षिक परीक्षेत 'लाँग केस' असते. विद्यार्थ्याला वॉर्डातला एक पेशंट नेमून देतात. साधारण पाऊण तास ते तासाभरात त्याने पेशंटशी बोलायचं, त्याला तपासायचं आणि सगळं रीतसर लिहून काढायचं. मग परीक्षक खाटेपाशी येतात, एक आपल्या कॉलेजचा, एक बाहेरचा, आणि म्हणतात, "हं, सांगा." एक्स-रे, इको असलं काही समोर नसतं. जे कानांनी ऐकलं आणि हातांनी तपासलं, तेवढंच भांडवल.

गोची होते ती लिहिताना. पेशंट आपल्या आठवणीच्या क्रमाने बोलतो, विद्यार्थी मिळेल त्या कोपऱ्यात टिपतो, आणि वेळ संपत आली की तीच टिपणं सुवाच्य अक्षरात उतरवून काढतो. केस मात्र अशी उतरवून काढता येत नाही, ती मांडावी लागते. हे नेमकं कसं करतात, ते एका नमुन्याच्या केसवरून पाहू. केस रचलेली आहे, पण सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत अशा बायका नेहमी भेटतात.

परीक्षा फेब्रुवारीतली. पेशंट ३२ वर्षांची, शेतमजुरी करणारी. विद्यार्थ्याच्या कच्च्या कागदावर एवढं आहे: 'पाय सुजले १५ दिवस. दम लागतो, पाणी आणताना. रात्री उठून बसते. थोरलीच्या वेळी सातव्यात दवाखान्यात ठेवलं, नंतर बरं. थोरली ८ वर्षांची. धडधड, दिवाळीपासून. पाचवीत सांधे धरले होते. इंजेक्शन दर २१ दिवसांनी, लग्नानंतर सोडलं. ताप नाही. नाडी ८४, वेडीवाकडी. छातीवर १०८. रक्तदाब ११०/७०.'

माहिती चांगली आहे. पण पायाची सूज सगळ्यात वर आहे, कारण बाईंनी ती आधी सांगितली. सूज दिसते, चप्पल घट्ट होते, म्हणून पेशंटच्या मनात तीच पहिली. लिहिताना पहिली ओळ मात्र सगळ्यात जुन्या तक्रारीची हवी आणि प्रत्येकीपुढे मुदत हवी. मुदत विचारली की "लई दिवस झाले" असं उत्तर येतं, ते कागदावर चालत नाही. तिथे सण, सुगी, बाळंतपण यांचा आधार घ्यायचा. "ताई, गणपतीत दम होता का? त्याच्या आदल्या साली? धाकटा चालायला लागला तेव्हा?" अशा दोन-तीन प्रश्नांत कळतं, की चालताना दम लागायला सुरुवात झाली त्याला तीन वर्षं झाली. दिवाळी गेली त्याला तीन महिने. म्हणजे मुख्य तक्रारी झाल्या: दम तीन वर्षं, धडधड तीन महिने, पायांवर सूज पंधरा दिवस. तीनच ओळी. रात्री उठून बसणं ही चौथी तक्रार नव्हे, ते दमाचंच रूप आहे. त्याची जागा पुढच्या भागात.

पुढचा भाग म्हणजे आजाराची हकिकत. माझ्या मते केस इथेच तरते किंवा बुडते. बहुतेक विद्यार्थी तिन्ही तक्रारींचे तीन स्वतंत्र परिच्छेद लिहितात. व्याकरणाला धरून असतं सगळं, पण त्यात एक प्रश्न विचारायचाच राहतो: धडधड सुरू झाली तेव्हा दमाचं काय झालं? खाटेशी परत जाऊन तेवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं. बाई सांगतात, की दिवाळीआधी विहिरीवरून दोन कळश्या आणताना मध्ये एकदा थांबावं लागायचं. धडधड सुरू झाली तशी अंगण झाडतानाच धाप लागायला लागली आणि रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येईना. हृदयविकारात दमाच्या चार पायऱ्या मोजतात. पहिलीत रोजच्या कामाने त्रास होत नाही, चौथीत बसल्या जागीही होतो. बाई तीन वर्षं दुसऱ्या पायरीवर होत्या आणि दिवाळीनंतर तिसऱ्या पायरीवर गेल्या.

ही एक ओळ लिहिली, की निदान अर्धं उलगडतं. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप निरोगी माणसात चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. ती आकसत दीडवर किंवा त्याखाली आली, की आजार गंभीर धरतात. अशा अरुंद झडपेतून रक्त खाली उतरायला वेळ लागतो आणि तो मिळतो दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. ठोके वाढले की विश्रांती आखडते, रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं आणि दम वाढतो. त्यात वरचा कप्पा नुसता थरथरत राहिला, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, तर त्याचा शेवटचा ढकलाही जातो. म्हणून आधी थोडा दम, मग धडधड, मग दमाची उडी, मग सूज. हा क्रम परीक्षकाला ऐकू आला, की पुढचं तो कान देऊन ऐकतो.

बाळंतपणाची नोंद कुठे घालायची? ठरीव साच्यात प्रसूतीचा इतिहास खाली असतो आणि विद्यार्थी ती तिथेच टाकतात. मी ती हकिकतीच्या सुरुवातीला घेईन. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं. तोवर गप्प असलेली अरुंद झडप तेव्हा पहिल्यांदा बोलते आणि बाळंतपणानंतर पुन्हा गप्प होते. आठ वर्षांपूर्वीचा तो दम याच आजाराचा पहिला अंक आहे. सांधे आणि इंजेक्शनं मात्र पूर्वेतिहासातच शोभतात, पण नुसतं 'सांधे धरले होते' असं नाही. गुडघा सुजला, तो उतरला तसा घोटा धरला, मग मनगट, आणि मागे व्यंग काही राहिलं नाही, असं विचारून लिहिलं तर तो संधिवातज्वर वाटतो. दर २१ दिवसांचं इंजेक्शन हे पेनिसिलिन असणार. ते कधी आणि का सोडलं, हेही लिहावं. लग्न होऊन गाव बदललं आणि नवीन ठिकाणी कुणी दिलं नाही, हे कारण नेहमी ऐकू येतं.

आता 'नाही'च्या नोंदी. पाठ करून आलेला विद्यार्थी इथे पंचवीस ओळी लिहितो: कावीळ नाही, फिट नाही, लघवीला जळजळ नाही. परीक्षक घड्याळ बघतो. प्रत्येक 'नाही' कुठल्या तरी शंकेचं उत्तर असावं. सूज पायांपासून वर चढली, सकाळी तोंड सुजत नव्हतं, लघवी कमी नव्हती, म्हणजे मूत्रपिंडाकडे बोट जात नाही. पोट पायांआधी फुगलं नाही, म्हणजे यकृताचा संशय मागे पडतो. थंडी वाजून ताप नाही, म्हणजे झडपेला जंतुसंसर्ग झाल्याची खूण नाही. एकाएकी हात-पाय लुळा पडणं किंवा वाचा जाणं झालेलं नाही, म्हणजे थरथरणाऱ्या कप्प्यातली गुठळी मेंदूकडे गेल्याचं दिसत नाही. आणि लहानपणापासून घरघर नाही, म्हणून हा दमा नव्हे. एवढ्यावर थांबावं.

तपासणीत सगळ्यात सोन्याची नोंद कच्च्या कागदाच्या तळाशी पडून आहे: नाडी ८४, छातीवर १०८. ठोके आणि नाडी यांत २४चा फरक. काही ठोके इतके दुबळे असतात, की मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. फरक दहाच्या वर असला आणि लयीला काही ताल नसला, की एट्रियल फिब्रिलेशन जवळजवळ नक्की धरतात. पण यासाठी दोन्ही पूर्ण एक मिनिट मोजलेले हवेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेल्या आकड्याला इथे काडीची किंमत नाही, आणि "किती वेळ मोजलीत?" हे परीक्षक विचारतोच.

खोटी नोंद पकडली जाते तीही इथेच. वॉर्डातले पेशंट अनुभवी असतात. "माझा व्हॉल्व्ह बारीक झालाय, सर," असं त्या ताई स्वतःच सांगून टाकतात. मग विद्यार्थी पुस्तकातलं मायट्रल स्टेनोसिसचं वर्णन जसंच्या तसं उतरवतो: पहिला आवाज जोरकस, त्यानंतर गडगडती मर्मर, आणि पुढच्या पहिल्या आवाजाच्या अगदी आधी ती वाढते. शेवटच्या शब्दांत तो सापडतो. ती वाढ वरच्या कप्प्याच्या ढकल्याने होते, असंच पुस्तक शिकवतं. कप्पा थरथरत असेल तर ढकला आला कुठून? वर नाडी वेडीवाकडी लिहिली आहे आणि खाली ही वाढ. दोन ओळी एकमेकींशी भांडतायत. जे ऐकलं तेच लिहावं: पेशंटला डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोस्कोपची बेलची बाजू टोकाच्या ठोक्यावर हलके टेकवली, श्वास सोडून धरायला सांगितला, तेव्हा हलकी गडगडती मर्मर ऐकू आली, ती काखेकडे जात नव्हती. पहिल्या आवाजाचा जोर ठोक्यागणिक बदलत असेल तर तेही लिहावं. फिब्रिलेशनमध्ये तसंच होतं.

फुफ्फुसाकडच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याच्या खुणा, मानेची फुगलेली शीर, दाबल्यावर दुखणारं यकृत, पायांवर बोट रुतणं, हे सगळं त्याच क्रमाने चार ओळींत येतं. इथे लांबण लावायचं कारण नाही.

मग समरी. ती हकिकतीची छोटी आवृत्ती नसते; निवड असते. 'लहानपणी संधिवातज्वराची शक्यता असलेली, पेनिसिलिन सोडलेली ३२ वर्षांची बाई. तीन वर्षं हळूहळू वाढणारा दम, तीन महिन्यांपूर्वी धडधड सुरू झाल्यापासून तो एका पायरीने वाढलेला, पंधरा दिवस पायांवर सूज.' रक्तदाब, लघवी, भूक यांतलं काही नाही.

निदान एका शब्दात संपवू नये. कारण कोणतं, झडप कोणती, लय कशी, फुफ्फुसाचा दाब आणि हृदयाची ताकद कशी, पेशंट कुठल्या पायरीवर, असं ते पायरीपायरीने लिहितात: ऱ्हुमॅटिक हृदयविकार, मायट्रल स्टेनोसिस, एट्रियल फिब्रिलेशन, फुफ्फुसाचा वाढलेला दाब, उजव्या बाजूचं हार्ट फेल्युअर, तिसरी पायरी, जंतुसंसर्गाची किंवा गुठळी सुटल्याची खूण नाही. यातल्या प्रत्येक शब्दाखाली आपल्याच कागदावरची एखादी ओळ बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. झडप किती अरुंद झाली आहे हे कानांनी मोजता येत नाही, म्हणून चौरस सेंटिमीटरचा आकडा घालायचा नाही. तो इकोचा विषय. आणि "हे फिब्रिलेशनच कशावरून, चुकार ठोके का नव्हेत?" असं विचारलं, तर उत्तर त्या २४च्या फरकात आहे.