दुभाष्याचं मीटर

फोनवरून दुभाषी म्हणून काम करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो दराचा. मिनिटाला किती देतात? प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा. मराठीसाठी खरा प्रश्न दिवसाला फोन किती वाजतो हा आहे.

या कामाची मोठी बाजारपेठ अमेरिकेत आहे, कारण तिथे कायद्याची सक्ती आहे. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयाला इंग्रजी न येणाऱ्या रुग्णासाठी लायक दुभाषी विनामूल्य द्यावाच लागतो. २०१० च्या आरोग्य कायद्याचं कलम १५५७ तसं सांगतं. शाळकरी नातवाला मध्ये बसवून आजीचं दुखणं विचारणं आणीबाणीखेरीज नियमात बसत नाही. २०२५ मध्ये इंग्रजी तिथली अधिकृत भाषा ठरवणारा अध्यक्षीय आदेश निघाला, तरी हे कलम संसदेने केलेल्या कायद्यातलं आहे. आदेशाने ते जात नाही.

मराठीसाठी प्रत्येक दवाखान्यात माणूस ठेवणं परवडत नाही, म्हणून रुग्णालयं भाषासेवा कंपन्यांशी करार करतात. दुभाषी घरी लॅपटॉपवर कंपनीचं सॉफ्टवेअर उघडून ‘उपलब्ध’ अशी खूण करून बसतो. वायरचं इंटरनेट, वायरचा हेडफोन आणि बंद खोली, एवढी अट बहुतेक ठिकाणी असतेच. फोन आला की काही सेकंदांत उचलायचा. खूण हिरवी आणि माणूस स्वयंपाकघरात, असं दोनतीनदा झालं की कंपनी समज देते. भारतातून काम करायचं तर न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. शिवाय काही करारांत दुभाषी अमेरिकेतच हवा अशी अट असते, ते फोन आपल्याकडे वळतच नाहीत.

आता हिशेब. समजा दर मिनिटाला ६० सेंट आहे आणि तुम्ही सहा तास हिरवी खूण लावून बसलात. मराठीचे चार फोन आले, प्रत्येकी बारा मिनिटांचे. ४८ मिनिटांचे २८.८० डॉलर झाले, म्हणजे बसल्या तासाला ४.८० डॉलर. अमेरिकेचं संघीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. पण बहुतेक दुभाषी कंत्राटदार असतात, त्यांना ते लागू नाही. स्पॅनिशवाल्याला समजा ४० सेंटच मिळाले, पण तो तासातली ४० मिनिटं बोलत असेल, तर त्याच सहा तासांत त्याचे ९६ डॉलर होतात. म्हणूनच जाणते मराठी दुभाषी हिंदीची परीक्षाही देऊन ठेवतात आणि दोन्ही भाषांचे फोन घेतात. नुसत्या मराठीवर घर चालवायचं स्वप्न दाखवणारी जाहिरात दिसली तर जरा थांबावं. नोंदणीसाठी आधी पैसे मागत असतील तर पुढे जाऊच नये.

पात्रतेचं म्हणाल तर पदवीपेक्षा दोन गोष्टी बघतात: दोन्ही भाषांची तोंडी परीक्षा आणि वैद्यकीय दुभाषेपणाचं निदान ४० तासांचं प्रशिक्षण. त्यानंतर ‘कोअर-सीएचआय’ हे प्रमाणपत्र घेता येतं. त्याची लेखी परीक्षा इंग्रजीत असते. मराठीची खास तोंडी परीक्षा तिथे नाही. त्यामुळे तुमचं मराठी कसं आहे हे कंपनीच्या चाचणीत आणि पुढे फोनवरच कळतं.

आणि तिथे बऱ्याच शहरी तरुणांची दांडी उडते ती आकड्यांत. आजी साखर सांगतात, ‘एकशे एकोणसत्तर’. कानाला एकोणऐंशी वाटलं तर नोंद दहाने वाढते. डॉक्टर सांगतात दीड गोळी, ती अडीच होऊन चालत नाही. खात्री नसेल तर दुभाष्याने अंदाज करायचा नाही. ‘दुभाषी बोलतोय, आकडा पुन्हा विचारू का?’ असं दोघांनाही त्यांच्या भाषेत सांगून विचारायचं. एरवी त्याने स्वतःचं काही बोलायचंच नाही. आजी ‘माझं डोकं गरगरतंय’ म्हणाल्या, तर इंग्रजीतही ‘माझं’च, ‘त्या म्हणतात’ असं नाही. मुलगा मध्येच ‘आईला तसं काही नाही हो’ म्हणाला, तर तेही डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. कागदावर टिपलेले आकडे फोन संपताच फाडून टाकायचे.

करारावर सही करण्याआधी थोडी चौकशी करावी. डॉक्टरांनी फोन धरून ठेवायला सांगितला, तर ती मिनिटं मोजतात का? फोन मध्येच तुटला तर आधीच्या मिनिटांचे पैसे मिळतात का? अर्धवट मिनिट पूर्ण धरतात की सेकंदाने मोजतात? आणि मराठीचे फोन महिन्याला साधारण किती येतात? शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं, तर मिनिटाचा दर कितीही असो, ते काम जोडधंदा म्हणूनच धरावं.