डेटा आपला, पण चावी कंपनीकडं? पतसंस्थेनं सॉफ्टवेअर कंपनीला पत्र लिहायचं ते असं

सातारा आणि सांगली म्हणजे सहकाराचे जिल्हे. साखर कारखाना, दूध संघ, विकास सोसायटी आणि गल्लीबोळात पतसंस्था. या सगळ्यांची खतावणी आता कॉम्प्युटरमध्ये गेली आहे. पण विषय असा आहे, की लाल कापडी वही कुणीही उघडून वाचू शकायचं. सॉफ्टवेअरमधली वही उघडायची तर ज्या कंपनीनं ते बनवलं तिच्याच दारातून जावं लागतं.

समजा एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय कराडला आहे, आणि विटा, तासगाव, पलूस इथं शाखा आहेत. संचालक मंडळानं विचारलं, येत्या तीन महिन्यांत कुठल्या शाखेतल्या किती ठेवींची मुदत संपते, आणि सोनेतारणाची थकबाकी किती? प्रश्न साधा आहे. पण सॉफ्टवेअरमध्ये असा रिपोर्टच नाही. आहेत ते ठरावीक रिपोर्ट, तेही पीडीएफमध्ये आणि शाखेनुसार वेगवेगळे. मग क्लार्क चार प्रिंट काढतो आणि एक्सेलमध्ये आकडे हातानं भरत बसतो. नवा रिपोर्ट बनवून घ्यायचा तर कंपनी वेगळे पैसे सांगते.

यावर उपाय म्हणजे कंपनीला एक पत्र. मागायचं ते एवढंच, की संस्थेचा संपूर्ण डेटा द्या, नाहीतर तो वाचण्यापुरता एपीआय द्या.

मोघम पत्राला मोघम उत्तर येतं

बहुतेक संस्था पत्रात लिहितात, "कृपया आमचा डेटा द्यावा." कंपनी ताळेबंद आणि ठेवयादी एक्सेलमध्ये पाठवते आणि विषय तिथंच संपतो. पण ते असतात रिपोर्ट. डेटा म्हणजे ज्या टेबलांमधून हे रिपोर्ट तयार होतात ती टेबलं. रिपोर्टमध्ये आजची शिल्लक दिसते. ती कुठल्या व्यवहारांतून आली, व्याजदर कधी बदलला, कर्जाला जामीनदार कोण, हे टेबलांत असतं.

म्हणून पत्राचा मजकूर साधारण असा हवा:

> विषय: संस्थेचा संपूर्ण डेटा मिळणेबाबत.
>
> संचालक मंडळाच्या ठरावानुसार कळविण्यात येते की, संस्थेच्या सर्व शाखांचा सुरुवातीपासून दि. ३१ मार्चपर्यंतचा डेटा खालीलप्रमाणे द्यावा.
>
> १. सर्व टेबले, बंद खात्यांसह, सीएसव्ही स्वरूपात.
> २. प्रत्येक टेबल व रकान्याचा अर्थ सांगणारी यादी, आणि त्यातील कोडचे अर्थ.
> ३. मराठी मजकूर युनिकोडमध्ये.
> ४. सभासदांचे फोटो, सह्या व केवायसी कागद, खाते क्रमांकाशी जोडलेले.
> ५. प्रत्येक टेबलातील एकूण नोंदी व रकमांची बेरीज.
> ६. डेटा पासवर्डने सुरक्षित करून द्यावा, पासवर्ड वेगळ्या मार्गाने कळवावा.
>
> हे देण्याची तारीख व खर्च असल्यास तो लेखी कळवावा.

यातला दुसरा मुद्दा अनेक जण विसरतात. फाईलमध्ये एका रकान्याचं नाव `ACTYPE` आणि त्याखाली नुसते 1, 4, 7 असे आकडे दिसतात. 4 म्हणजे मुदत ठेव की सोनेतारण, हे कंपनीनं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

तिसरा मुद्दा आपल्या भागात हमखास नडतो. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नावं श्रीलिपी किंवा शिवाजी अशा फॉन्टमध्ये भरलेली असतात. त्या फॉन्टमध्ये "पाटील" नीट दिसतं. पण फाईलमध्ये मुळात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. फॉन्ट बदलला की पाटलांच्या जागी अगम्य खुणा उमटतात. युनिकोडमध्ये रूपांतर करून घेतलं तरी जोडाक्षरं आणि रफार असलेली काही नावं उघडून बघायची. चुका तिथंच सापडतात.

आलेला डेटा पूर्ण आहे हे कसं ओळखायचं?

फाईल मोठी आहे म्हणून ती पूर्ण आहे असं होत नाही. इथं पाचवा मुद्दा कामाला येतो. समजा ३१ मार्चच्या ताळेबंदात एकूण ठेवी १८,४२,६५,३१० रुपये आहेत, आणि आलेल्या फाईलमधल्या ठेवींची बेरीज १७,९६,१५,३१० होते. फरक ४६,५०,००० रुपयांचा.

एवढी गोल रक्कम दिसली तर आधी ताळेबंदाच्या ओळी बघायच्या. पिग्मी ठेवींपुढं हीच रक्कम असेल तर उत्तर मिळालं. पिग्मी एजंटच्या मशीनमधून येणाऱ्या नोंदी वेगळ्या टेबलात होत्या आणि कंपनीनं ते टेबल दिलंच नाही. आता पत्र लिहिताना "डेटा अपुरा आहे" असं न लिहिता "पिग्मीचं टेबल राहिलं आहे" असं लिहिता येतं.

काही चुका मात्र कंपनीच्या नसतात, एक्सेलच्या असतात. सीएसव्ही फाईलवर थेट डबल क्लिक केलं की खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात. क्रमांक सोळा अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल आकड्याचे पंधराच अंक लक्षात ठेवतं. ३ एप्रिलची ठेव ४ मार्चची होऊन बसते ती वेगळीच. म्हणून फाईल डेटा इम्पोर्ट करून उघडायची, खाते क्रमांकाचा रकाना 'टेक्स्ट' ठेवायचा आणि तारखेचा क्रम आधी दिवस, मग महिना असा निवडायचा.

एपीआय कधी मागायचा?

एक्सपोर्ट म्हणजे त्या दिवसाचा फोटो. वर्षातून दोनदा रिपोर्ट हवा असेल तर तेवढं पुरतं. रोज सकाळी सगळ्या शाखांचं चित्र हवं असेल तर एपीआय, म्हणजे आपल्या रिपोर्टिंगच्या प्रोग्रॅमला सॉफ्टवेअरमधून माहिती मागता येईल अशी खिडकी. पत्रात ती "फक्त वाचण्यासाठी" असावी असं स्पष्ट लिहायचं. त्यातून नोंद बदलता आली तर ऑडिटमध्ये नवी डोकेदुखी. आणखी एक खाचखळगा म्हणजे बरेच एपीआय एका वेळी शंभरच नोंदी देतात. पुढची पानं मागितली नाहीत तर रिपोर्ट तयार होतो, पण अपुरा.

कंपनी नाही म्हणाली तर?

आधी करार काढायचा. डेटा कुणाचा आणि करार संपताना तो कसा द्यायचा, हे त्यात लिहिलंय का बघायचं. सर्व्हर संस्थेच्याच ऑफिसात असेल तर डेटाची फाईल आधीच संस्थेकडं असते, फक्त डेटाबेसचा पासवर्ड कंपनीकडं असतो. मग पत्रात तोच मागायचा.

रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याबाबत निर्देश काढले. त्यात कंपनी सोडताना काय करायचं याची योजना आधीच तयार ठेवायला सांगितलं होतं. हे निर्देश मोठ्या नागरी बँकांसाठी होते, पतसंस्थांसाठी नव्हते. पण करारात काय असावं याचा नमुना म्हणून ते वापरता येतात.

पत्र पाठवायची वेळही महत्त्वाची. वार्षिक देखभालीचा करार संपायच्या दोन-तीन महिने आधी ते गेलं, तर कंपनीला नूतनीकरणाचा चेक हवा असतो आणि नव्या करारात डेटाचं कलम घालून घेता येतं. चेक दिल्यावर गेलेलं पत्र बऱ्याचदा फाईललाच लागतं.