कुणी बोललंच नाही, मग स्क्रीनवर ‘धन्यवाद’ कुठून आलं?

पनवेलमधल्या पाणीपुरवठ्याबद्दल व्हॉइस नोट पाठवा, असं आवाहन आमच्या डेस्कने वाचकांना केलं होतं. आलेल्या नोट्स एका ट्रान्सक्रिप्शन टूलने लिहून काढल्या आणि आम्ही त्या शीटमध्ये भरल्या. एका नोटसमोर फक्त ‘धन्यवाद’ एवढंच होतं. सहकाऱ्याने ती ‘समाधानी’ या रकान्यात टाकली. मी सहज ऑडिओ लावला. 11 सेकंद पंख्याची घरघर, आणि मध्येच कुणीतरी तोंड मिटून एक चाल गुणगुणत होतं. शब्द एकही नव्हता.

मग तो शब्द आला कुठून?

आवाजाचं लेखन करणाऱ्या मॉडेल्सची ही जुनी खोड आहे. सर्वांत जास्त बोललं गेलं ते ओपनएआयच्या ‘व्हिस्पर’बद्दल. सप्टेंबर 2022 मध्ये आलेलं हे मॉडेल इंटरनेटवरच्या सुमारे 6 लाख 80 हजार तासांच्या ऑडिओवर आणि त्यासोबतच्या मजकुरावर शिकलं. आता एखादा व्हिडिओ संपतो तेव्हा काय होतं ते आठवा. बोलणं थांबतं, संगीत किंवा शांतता उरते आणि खाली सबटायटल झळकतं, ‘थँक्स फॉर वॉचिंग’. असे नमुने पुरेसे दिसले की शांतता ऐकली की हे वाक्य लिहायचं, अशी सांगड मॉडेलच्या अंगवळणी पडते.

त्यात भर पडते ती कामाच्या पद्धतीची. व्हिस्पर ऑडिओ 30 सेकंदांच्या तुकड्यांत घेतं. फाइल 11 सेकंदांची असेल तर उरलेले 19 सेकंद शांततेने भरले जातात. मग मॉडेल एकेक शब्द ‘पुढे काय येईल’ या अंदाजाने लिहीत जातं. आवाजातून धागा मिळाला नाही की भाषेची सवय वरचढ ठरते. म्हणूनच ही वाक्यं तोतरी किंवा अर्धवट नसतात, अगदी सफाईदार असतात. कॉर्नेल विद्यापीठ आणि इतर संस्थांच्या संशोधकांनी 2024 मध्ये मांडलेल्या अभ्यासात व्हिस्परच्या सुमारे 1 टक्का लेखनात अशी मुळात नसलेली वाक्यं सापडली. बोलताना ज्यांना लांब थांबावं लागतं, त्यांच्या बाबतीत हा धोका जास्त होता.

मॉडेलला स्वतःला कळत नाही का?

थोडंफार कळतं, आणि गंमत इथेच आहे. व्हिस्पर प्रत्येक तुकड्यासोबत दोन आकडे देतं. `no_speech_prob` म्हणजे इथे कुणी बोलतच नसण्याची शक्यता. `avg_logprob` म्हणजे लिहिलेल्या शब्दांबद्दलची खात्री. हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी खात्री जास्त. मूळ सेटिंगमध्ये तुकडा शांत समजून गाळायचा तर दोन्ही अटी एकदम लागू व्हाव्या लागतात:

```
no_speech_prob > 0.6
avg_logprob < -1.0
```

समजा, पहिला आकडा 0.8 आला. म्हणजे बोलणं नसावं. पण ‘धन्यवाद’ हा इतका घोटलेला शब्द आहे की दुसरा आकडा -0.3 आला. दुसरी अट मोडली, तुकडा वाचला आणि शब्द शीटमध्ये पोहोचला. वाक्य जितकं पाठ, तितकी चाळणी निकामी.

मग रिकामं कशाला म्हणायचं?

लेखनाच्या आधी ऑडिओत माणसाचा आवाज आहे का, हे तपासणारं वेगळं छोटं मॉडेल लावता येतं. सिलेरो हे त्यातलं एक. पंख्याची घरघर ते बऱ्याचदा ओळखतं. गुणगुणण्यावर मात्र फसू शकतं, कारण तिथे गळा खरंच कंप पावत असतो, फक्त शब्द नसतात.

म्हणून आम्ही लेखनानंतरही एक नियम ठेवला. विरामचिन्हं काढून टाकल्यावर संपूर्ण मजकूर ‘धन्यवाद’, ‘पाहिल्याबद्दल धन्यवाद’, ‘चॅनेल सबस्क्राइब करा’ अशा ठराविक यादीतलाच निघाला आणि `no_speech_prob` सुद्धा जास्त असेल, तर ती नोट रिकामी धरायची. ‘समाधानी’ नाही, ‘तक्रार’ही नाही. ‘संपूर्ण’ या शब्दावर जोर आहे. पाण्याची कहाणी सांगून शेवटी कुणी ‘धन्यवाद’ म्हणालं, तर त्याला हात लावायचा नाही. एखादा वाचक खरोखर तेवढंच म्हणून थांबला असेल, तर हा नियम त्याच्यावर अन्याय करील. त्यामुळे रिकामी ठरलेली नोट आम्ही पुसत नाही, कुणीतरी ती कानाने ऐकतं.

त्या गुणगुणणाऱ्या वाचकालाही आम्ही ‘आवाज आला नाही, पुन्हा पाठवाल का?’ असा मेसेज केला. दुसरी नोट अर्ध्या तासात आली. त्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन दिवस पाणी चढलं नव्हतं.