डोंगराच्या पोटातला दगड कुणाच्या हिशेबात?

तीन किलोमीटर लांब आणि साडेसहा मीटर व्यासाचा एक बोगदा खणायचा आहे, असे धरू. त्यातून सुमारे एक लाख घनमीटर दगडमाती बाहेर येईल. काम सुरू होण्याआधी दर शंभर मीटरवर एक बोअर घेतले, म्हणजे तीस बोअर, तर ते सर्वेक्षण वाईट म्हणता येणार नाही. प्रत्येक बोअरमधून दगडाचा जो दांडका, म्हणजे कोअर, निघतो तो जेमतेम साडेपाच सेंटिमीटर जाड असतो. बोगद्याच्या उंचीत येणारा त्याचा तुकडा तेवढा घेतला आणि तीसही बोअरचे तुकडे एकत्र केले, तरी अर्धा घनमीटर भरत नाही. म्हणजे दोन लाखांतला एक भाग डोळ्यांनी पाहायचा आणि उरलेल्याचा अंदाज करायचा. याच अंदाजावर आराखडा होतो, निविदा निघते आणि कोट्यवधींचा करार होतो.

पुलाचा गर्डर किंवा इमारतीचा खांब कशाचा करायचा हे आपण ठरवतो, त्याची ताकद कारखान्यात तपासतो. जमीन मात्र जशी आहे तशीच घ्यावी लागते. सह्याद्रीत बेसॉल्टचे थर एकावर एक बसलेले असतात, पण दोन थरांच्या मध्ये कुठे लाल बोलचा, म्हणजे गेरूसारख्या मऊ मातीचा पट्टा असतो, कुठे ब्रेशिया असतो, कुठे पाण्याने भरलेली भेग. दोन बोअरमध्ये चांगला काळा पाषाण मिळाला म्हणून मधल्या शंभर मीटरमध्येही तोच असेल, याची हमी कुणी भूवैज्ञानिक देत नाही.

वाईट जमीन लागली की खर्च वाढतो हे सगळ्यांना कळते. तो नेमका कशाने वाढतो, याबद्दल मात्र बराच गैरसमज आहे. जास्तीचे लोखंड आणि काँक्रीट लागते, पण खरा पैसा जातो तो वेळेत. बोगद्याला तोंडे दोनच. मध्येच वाईट पट्टा लागला तर तो बाजूला ठेवून पुढचे काम उरकता येत नाही. सगळी यंत्रे, पंप, पंखे, इंजिनियर आणि तीन पाळ्यांतले मजूर त्या एका तोंडापाशी अडकून राहतात. रोहतांगखालच्या अटल बोगद्याचे काम २०१० मध्ये सुरू झाले आणि तो ऑक्टोबर २०२० मध्ये वाहतुकीला खुला झाला. नऊ किलोमीटरच्या त्या बोगद्यात सर्वांत छळणारा भाग होता सेरी नाल्याखालच्या भ्रंशपट्ट्याचा, अवघ्या ५८७ मीटरचा. कोकण रेल्वेच्या वेळी पेडण्याच्या बोगद्यातल्या मऊ मातीने असाच घोर लावला होता. जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग सुरू होईपर्यंत तो अडसर पुरला.

आता प्रश्न असा, की हा जास्तीचा पैसा द्यायचा कुणी? सरकारी निविदांमधले जुने उत्तर एका वाक्याचे असते: ठेकेदाराने जागा स्वतः पाहून खात्री करून घेतली आहे असे समजले जाईल. बोअरचे अहवाल जोडलेले असतात, पण ‘केवळ माहितीसाठी’, त्यातल्या मजकुराची जबाबदारी कुणाची नाही. हे मालक संस्थेला फार सोयीचे वाटते. पण विहीर खोदणारी टोळीसुद्धा मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण यांचे दर वेगवेगळे ठरवते. सगळे उक्ते घे म्हटले तर शहाणा माणूस सरळ पाषाणाचाच दर लावतो. मोठ्या ठेकेदारापुढेही हेच दोन रस्ते असतात. भीतीपोटी भाव चढवून ठेवायचा, किंवा जमीन चांगलीच निघेल असे मानून कमी भाव भरायचा. सर्वांत कमी भावाला काम मिळते, त्यामुळे निवड होते ती सर्वांत आशावादी ठेकेदाराची. जमीन वाईट निघाली की त्याला नफा दिसेनासा होतो, मग क्लेमची पत्रे सुरू होतात, काम रेंगाळते आणि शेवटी लवादात मालकाला पैसे मोजावेच लागतात, तेही वकिलांच्या फीसह. जोखीम कागदावर ढकलून देता येते, पण तिचा खर्च कुठे जात नाही.

अमेरिकेत सरकारी करारांमध्ये १९२० च्या दशकापासून वेगळी वाट आहे. करारात दाखवल्यापेक्षा जागेवरची स्थिती लक्षणीय वेगळी निघाली, तर मालकाने भरपाई द्यायची. हे न्याय्य वाटते, पण त्यातून दुसरे भांडण उभे राहिले: कशापेक्षा वेगळी? तीस बोअरच्या नोंदींतून ठेकेदार एक अर्थ काढतो, मालक दुसरा काढतो आणि दोघांचे तज्ज्ञ दोन्ही अर्थ पटवून देऊ शकतात.

जिओटेक्निकल बेसलाइन रिपोर्ट, बोलीभाषेत जीबीआर, नेमका या ‘कशापेक्षा’चे उत्तर देण्यासाठी आला. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनियर्सने त्याची मार्गदर्शक तत्त्वे १९९७ मध्ये छापली आणि पुढे दोनदा सुधारली. बोअरच्या नोंदी आणि प्रयोगशाळेच्या चाचण्या यांचा डेटा रिपोर्ट वेगळा असतो. तो जे सापडले ते सांगतो. जीबीआर ठरवतो की या कराराच्या कामापुरते काय सापडेल असे मानायचे. तो भविष्य सांगत नाही. त्यातला आकडा खरा निघालाच पाहिजे असे नाही. दोघांनी त्या आकड्यावर सही केलेली असते, एवढेच. आकड्याच्या अलीकडचा त्रास ठेकेदाराचा, पलीकडचा मालकाचा.

आपल्या कल्पित बोगद्याकडे परत जाऊ. जीबीआरमध्ये लिहिले आहे की तीन हजार मीटरपैकी २४० मीटर वाईट दगड लागेल, जिथे पोलादी कमानी आणि जाड शॉटक्रीट लागेल. चांगल्या दगडात सुरुंगाने दिवसाला चार मीटर पुढे जाता येते, वाईट दगडात एकच मीटर. सगळ्या ठेकेदारांनी २४० मीटर धरूनच भाव भरले आहेत. प्रत्यक्षात निघाला ३९० मीटर. पहिल्या २४० मीटरबद्दल ठेकेदाराला एक रुपयाही वाढवून मिळणार नाही, तो कितीही घामाघूम झालेला असो. वाद उरतो तो १५० मीटरचा. चांगल्या दगडात त्याला ३८ दिवस लागले असते, आता १५० लागले. म्हणजे ११२ दिवस जास्त. कमानी आणि शॉटक्रीटचा जादा खर्च मीटरला दीड लाख धरला तर सव्वादोन कोटी होतात. जागेवरचा रोजचा स्थिर खर्च बारा लाख धरला, तर त्या ११२ दिवसांचे सुमारे साडेतेरा कोटी. वेळेचा मुद्दा इथे दिसतो. जीबीआर करणाऱ्याने मीटर ठरवले आणि दिवसांचे काय ते लिहिलेच नाही, तर भांडणाचा मोठा हिस्सा जसाच्या तसा शिल्लक राहतो. फिडिक आणि आंतरराष्ट्रीय टनेलिंग असोसिएशन यांनी २०१९ मध्ये भूमिगत कामांसाठी काढलेल्या ‘एमराल्ड बुक’ या नमुना करारात म्हणूनच प्रत्यक्ष खोदाईच्या मोजमापानुसार मुदतही कमी-जास्त करण्याची सोय ठेवली आहे. वाईट दगड कमी निघाला, तर मुदत मागेही येऊ शकते.

२४० ऐवजी मालकाने ४०० मीटर लिहिले असते तर? मग ही मागणी आलीच नसती, पण सगळ्या निविदा आधीच चढ्या आल्या असत्या, आणि वाईट दगड शंभरच मीटर निघाला असता तरी ते पैसे गेलेच असते. ८० लिहिले असते तर निविदा स्वस्त दिसल्या असत्या, वर्तमानपत्रात बातमी चांगली आली असती आणि पुढची तीन वर्षे क्लेम भरत बसावे लागले असते. ती रेघ कुठे मारायची हा भूवैज्ञानिकाइतकाच तिजोरी सांभाळणाऱ्याचा निर्णय आहे. माझ्या मते बहुतेक मालक संस्था नेमका हा निर्णय टाळतात आणि ‘काही ठिकाणी’, ‘तुरळक’, ‘संभवते’ असे शब्द लिहून सुटका करून घेतात. ‘तुरळक मोठे दगड’ म्हणजे पाच की पन्नास? अशा जीबीआरपेक्षा तो नसलेला बरा.

शब्दांची ही किंमत सिॲटलमध्ये दिसली. शहराच्या किनाऱ्यावरचा जुना उन्नत रस्ता पाडून त्याजागी जमिनीखालून महामार्ग न्यायचा होता. त्यासाठी ‘बर्था’ नावाचे साडेसतरा मीटर व्यासाचे यंत्र आणले, त्या काळातले जगातले सर्वांत मोठे. डिसेंबर २०१३ मध्ये, जेमतेम तीनशे मीटर खणून झाल्यावर, त्याने एका पोलादी नळीवर आघात केला आणि तीन दिवसांनी ते बंद पडले. नळी होती आठ इंच व्यासाची, सुमारे ३६ मीटर लांब. राज्याच्या वाहतूक खात्यानेच २००२ मध्ये भूजल तपासण्यासाठी घेतलेल्या विहिरीचे केसिंग. यंत्राचे पुढचे तोंड दुरुस्तीला वर काढण्यासाठी तेवढ्याच खोलीचा खड्डा घ्यावा लागला. खोदाई पुन्हा सुरू व्हायला दोन वर्षे गेली आणि २०१५ अखेर अपेक्षित असलेला बोगदा फेब्रुवारी २०१९ मध्ये खुला झाला.

विहिरीचा उल्लेख कराराच्या कागदांत होता. तिचे पोलादी केसिंग जमिनीत तसेच ठेवले आहे हे त्यातून ठेकेदाराला पुरेसे कळत होते का, यावर भांडण झाले. करारात नेमलेल्या तज्ज्ञांच्या तंटा मंडळाने कौल दिला की ही वेगळी जागास्थितीच आहे. मग ठेकेदार न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०१९ मध्ये ज्यूरीने नेमके उलट सांगितले. उशिराबद्दल ठेकेदारानेच राज्याला ५ कोटी ७२ लाख डॉलर द्यावेत असा निकाल लागला. तेच कागद वाचून दोन ठिकाणी दोन अर्थ निघाले. यंत्र नळीमुळे बिघडले की मुळातच कमकुवत होते, हा दुसरा वाद होता आणि त्याचे उत्तर कोणत्याच जीबीआरमध्ये मिळणार नव्हते. जमीन कशी असेल हे तो सांगतो. ठेकेदाराचे यंत्र आणि पद्धत त्या जमिनीत कशी वागेल, हे बव्हंशी ठेकेदारावरच राहते.

त्या खटल्यात आणखी एक गोष्ट ठेकेदाराला भोवली. यंत्रातून निघालेले नळीचे तुकडे आणि कामावरची एक नोंदवही हरवली होती, आणि त्याचा अर्थ आपल्या विरुद्ध लावला जाऊ नये हे त्याला पटवून देता आले नाही. बोगद्यात हे अगदी सहज घडते. सुरुंग उडवल्यावर समोर जो दगड दिसतो, तो काही तासांत शॉटक्रीटखाली झाकला जातो. तो वाईट होता की चांगला, हे वर्षाने लवादापुढे दाखवायला दगड उरत नाही. म्हणून जिथे जीबीआर खरोखर वापरला जातो, तिथे प्रत्येक फेरीनंतर मालकाचा आणि ठेकेदाराचा भूवैज्ञानिक मिळून तोंडाचा नकाशा काढतात, दगडाचा वर्ग आणि पाण्याचा ओघ लिहितात, फोटो घेतात आणि शॉटक्रीटचा पंप सुरू होण्याआधी दोघेही त्याच कागदावर सही करतात. वर्गाबद्दल मतभेद असेल तर तोही तिथेच लिहून ठेवतात.